वळलेली काच स्वस्त झाली, तिची दुरुस्ती नाही

फोनच्या बाजारात गेल्या दोन-तीन वर्षांत एक गंमतीशीर अदलाबदल झाली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ प्रोची स्क्रीन सपाट केली. त्याआधीच्या ६ प्रो आणि ७ प्रोच्या कडा वळलेल्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा सपाट काचेसह आणला. वळलेल्या कडांची फॅशन २०१४ च्या नोट एजपासून ज्या कंपनीने रुजवली, तिनेच ती सोडली. अ‍ॅपल तर या वाटेला कधी गेलंच नाही.

आणि नेमक्या याच काळात आपल्याकडे वळलेली स्क्रीन खाली उतरली. डिसेंबर २०२२ मध्ये रिअलमी १० प्रो प्लस २४,९९९ रुपयांपासून आला. मे २०२३ मध्ये लावा अग्नी २ हा २१,९९९ ला, आणि मार्च २०२४ मध्ये लावा ब्लेझ कर्व्ह १७,९९९ ला. लाखाच्या फोनमधून बाहेर पडलेली गोष्ट वीस हजारांच्या फोनमध्ये ‘प्रीमियम’ म्हणून आली. दुकानात हातात घेतला की फोन खरंच भारी वाटतो, त्यात वाद नाही. पण लाखाचा फोन पडून स्क्रीन गेली तर बिल फोनच्या किमतीचा एक तुकडा असतं. वीस हजारांचा फोन पडला तर तेच बिल फोनच्या किमतीच्या अर्ध्यापर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे फोन पडल्यावर नक्की काय होतं आणि बिल कशावरून ठरतं, हे मध्यम किमतीचा फोन घेणाऱ्यालाच जास्त माहीत असायला हवं.

काचेचं नाव आणि त्यामागची परीक्षा

बहुतेक जण स्पेसिफिकेशनमध्ये काचेचं नाव बघतात आणि थांबतात. गोरिला ग्लास ५, व्हिक्टस, व्हिक्टस २, ७आय. आकडा मोठा म्हणजे काच मजबूत, असा साधा हिशोब. तो पूर्ण चूक नाही, पण त्या आकड्यामागची परीक्षा दर वेळी वेगळी आहे.

आधी ही काच मजबूत कशी होते ते बघू. काचेचा पातळ पत्रा, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा, सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. भरलेल्या लोकलमध्ये एका बारीक माणसाच्या जागी जाडा माणूस शिरला तर आजूबाजूचे सगळे दाबले जातात, तसं काचेच्या पृष्ठभागाचं होतं. वरचा थर कायम दाबलेल्या अवस्थेत राहतो. काच ताणली गेली की तुटते, दाबल्याने तुटत नाही. म्हणून तडा जायचा असेल तर आधी या दाबाला हरवावं लागतं. पण हा दाबलेला थर खूप पातळ असतो, मिलिमीटरचा काही शतांश किंवा फार तर एक-दोन दशांश भाग. आणि त्याचा तोल सांभाळायला काचेचा आतला भाग ताणलेला असतो. टोकदार खडीचा कण वरचा थर भेदून त्या ताणलेल्या भागापर्यंत पोहोचला की तडा स्वतःच्या जोरावर पळत सुटतो. नव्या काचांमध्ये लिथियम असतं आणि आयनांची अदलाबदल जास्त खोलवर होते. पिढ्यांमधली खरी प्रगती या खोलीची आहे.

आता परीक्षा. कॉर्निंगने २०१६ मध्ये गोरिला ग्लास ५ आणताना सांगितलं, की १.६ मीटरवरून खडबडीत पृष्ठभागावर तोंडघशी पडल्यावर ८० टक्के वेळा ती टिकते. २०१८ मध्ये ६ आली तेव्हा निकष बदलला: १ मीटरवरून सरासरी १५ वेळा पडून टिकते. २०२० मध्ये व्हिक्टस आली: २ मीटरपर्यंत टिकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हिक्टस २ आली आणि तिचा ठळक आकडा होता १ मीटर. म्हणजे नवी काच कमकुवत झाली का? नाही. आधीचा २ मीटरचा दावा डांबरी रस्त्यासारख्या पृष्ठभागाचा होता, तर १ मीटरचा दावा काँक्रीटची नक्कल करणाऱ्या, जास्त भरड पृष्ठभागाचा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणतो. टेस्ट खोटी नसते, फक्त ती कुठल्या परिस्थितीत केली ते आकड्यासोबत छापलेलं नसतं. इथे अजून दोन गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतली काच कोरी असते, तुमची काच सहा महिने किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात राहिलेली असते. आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळू असते आणि वाळूतलं क्वार्ट्‌झ या काचेपेक्षा कठीण असतं. त्यामुळे ओरखडे पडतात, आणि प्रत्येक ओरखडा ही दाबलेल्या थरात आधीच पडलेली खाच असते. पुढच्या वेळी कमी उंचीवरून पडूनही तडा तिथूनच सुरू होतो. दुसरं म्हणजे या दाव्यांमधली परीक्षा प्रामुख्याने तोंडघशी पडण्याची आहे. फोन मात्र पडताना विचारून पडत नाही. बहुतेकदा तो आधी कोपऱ्यावर आपटतो आणि मग तोंडावर किंवा पाठीवर आडवा होतो.

कोपऱ्यावर पडल्यावर

दोनशे ग्रॅमचा फोन एक मीटरवरून, म्हणजे साधारण खिशाच्या उंचीवरून पडला, तर जमिनीला भिडताना त्याचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो, ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. त्यात साठलेली ऊर्जा २ ज्यूल. आकडा किरकोळ वाटतो. पण प्रश्न ऊर्जा किती याचा नसून ती किती अंतरात जिरते याचा आहे. काँक्रीटवर आपटलेला धातूचा कोपरा समजा अर्ध्या मिलिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल येतं ४,००० न्यूटन. क्षणभरासाठी चारशे किलो वजन त्या कोपऱ्यावर ठेवल्यासारखं. तोच कोपरा रबरी कव्हरमुळे दोन मिलिमीटरमध्ये थांबला तर बल चौपट कमी, शंभर किलो. म्हणून शंभर-दीडशे रुपयांचं मऊ टीपीयू कव्हर काचेच्या एका पिढीच्या फरकापेक्षा कोपऱ्यासाठी जास्त काम करतं. फक्त त्याच्या कडा स्क्रीनपेक्षा वर आलेल्या हव्यात.

आता सपाट आणि वळलेल्या काचेतला फरक इथे दिसतो. सपाट काचेच्या फोनमध्ये धातूची किंवा प्लॅस्टिकची चौकट काचेच्या काठाला चारी बाजूंनी धरून असते. काच आणि चौकट यांच्यामध्ये बहुधा एक बारीक प्लॅस्टिकची पट्टीही असते. फोन बाजूवर पडला तर पहिला मार चौकट खाते. वळलेल्या फोनमध्ये काचच बाजूला उतरलेली असते आणि तिथे चौकट निमुळती करावी लागते, नाहीतर वळण दिसणार कसं? त्यामुळे फोन जरा तिरका पडला की जमिनीला पहिली भिडते ती काच, तीही वळणावर, जिथे मार एका छोट्या ठिपक्यावर येतो. काचेची पिढी तीच असली तरी तिला आता वेगळीच परीक्षा द्यावी लागते.

स्क्रीन गार्डचं दुखणंही यातूनच निघतं. सपाट स्क्रीनवर पन्नास-शंभर रुपयांची टेम्पर्ड ग्लास काठापर्यंत नीट बसते. ओरखडे तीच खाते आणि आतली काच कोरी राहते. वळलेल्या स्क्रीनवर साधी टेम्पर्ड कडेला चिकटत नाही. मग दुकानदार यूव्ही ग्लास लावतो, म्हणजे पातळ गोंद ओतून तो निळ्या दिव्याखाली सुकवतो. काम चांगलं झालं तर उत्तम. पण गोंद जास्त पडला तर तो वरच्या स्पीकरच्या जाळीत, कधी बटणांच्या फटीत जातो आणि तिथेच सुकतो. फोन पडायच्या आधीच दुरुस्ती. लॅमिनेशनसारखी प्लॅस्टिकची फिल्म हा सुरक्षित पर्याय आहे, पण ती ओरखडे थांबवते, मार नाही.

(एक खुलासा: जाहिरातीत ‘२.५डी ग्लास’ लिहिलेलं असतं ती वळलेली स्क्रीन नव्हे. ती सपाट काचच, फक्त तिचे काठ गोल घासलेले. तिला घाबरायचं कारण नाही. ‘३डी कर्व्ह’ किंवा ‘क्वाड कर्व्ह’ लिहिलं असेल तर मात्र काच खरोखर वळवलेली आहे.)

चौकट कशाची?

चौकटीबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ टायटॅनियमने घातला आहे. आयफोन १५ प्रो सप्टेंबर २०२३ मध्ये टायटॅनियमचा झाला, त्याआधीचे प्रो स्टेनलेस स्टीलचे होते. १४ प्रोचं वजन २०६ ग्रॅम, १५ प्रोचं १८७. फायदा हा आहे: स्टीलसारखी ताकद, कमी वजन, आणि वजन कमी म्हणजे पडतानाची ऊर्जाही कमी. पण टायटॅनियमची चौकट आहे म्हणून काच फुटणार नाही, असं कोणी सांगत असेल तर तो दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय.

कोपरा आपटतो तेव्हा मऊ धातू दबतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फोनला कोपऱ्यात जो चेपा दिसतो, तो धातू वाकण्यात खर्च झालेल्या ऊर्जेचा पुरावा असतो, ती ऊर्जा काचेपर्यंत गेली नाही. टायटॅनियम आणि स्टील सहज चेपत नाहीत. फोन दिसायला नवा राहतो, पण मार पुढे ढकलला जातो. उलट बाजूही आहे. चौकट फारच मऊ असेल तर ती आत वाकून काचेच्या काठालाच टेकते, आणि काठ हा काचेचा सगळ्यात कच्चा भाग. प्लॅस्टिकची चौकट तिसऱ्याच पद्धतीने वागते: दबते आणि परत मूळ जागी येते. कोपऱ्याच्या माराला ती वाईट नाही, पण फोन मागच्या खिशात ठेवून बसलात तर पिळवटतो. म्हणून मी तरी ‘धातूची चौकट’ हे स्वस्त फोन घेताना जास्त पैसे देण्याचं कारण मानत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो परत अ‍ॅल्युमिनियमवर आला. त्यामागे उष्णता वाहून नेण्याचा मोठा भाग होता, टायटॅनियम त्या बाबतीत कच्चं आहे. लोकांनी याला माघार म्हटलं, आणि कॅमेऱ्याच्या उठावाच्या धारेवर रंग उडतो म्हणून ओरडही झाली. पण कोपऱ्याच्या मारासाठी हा बदल माघार आहे असं मला वाटत नाही.

चौकटीची खरी किंमत दुरुस्तीच्या वेळी कळते. कोपऱ्यात चेपा असलेल्या चौकटीत नवी स्क्रीन बसवली की ती एका जागी उचललेली राहते. मग कधी ती आठवड्याभरात आपोआप तडकते आणि दुकानदार-गिऱ्हाईक भांडण सुरू होतं. शहाणा कारागीर स्क्रीन काढल्यावर चौकटीवर आधी स्टीलची पट्टी तिरपी धरून उजेड कुठून येतो ते बघतो. अ‍ॅल्युमिनियमचा चेपा घासून, वाकवून सरळ करता येतो. टायटॅनियम इतक्या सहज ऐकत नाही. चौकट बदलायची वेळ आली तर मदरबोर्ड, बॅटरी, कॅमेरे सगळं एका घरातून दुसऱ्या घरात हलवावं लागतं, आणि मजुरी त्याची असते.

बिल कुठे ठरतं

माझ्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचा किस्सा सांगतो, कारण त्यात हे सगळं एका फोनमध्ये आलं. वळलेल्या स्क्रीनचा, बावीस हजारांच्या आसपासचा फोन, चौदा महिने वापरलेला. पार्किंगमध्ये वाकताना शर्टाच्या खिशातून पेव्हर ब्लॉकवर पडला. मागे प्लॅस्टिक होतं, त्याला काही झालं नाही. पुढे खालच्या उजव्या वळणावर एक पांढरा ठिपका आणि तिथून फांद्यांसारखे तडे. डिस्प्ले चालू, टच चालू. म्हणजे फुटली होती फक्त वरची काच.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने साडेनऊ हजार सांगितले. तिथे काच वेगळी बदलत नाहीत. काच, टच, डिस्प्ले आणि चौकट असा अख्खा जोड येतो, बाजारात ज्याला फ्रेमसहित कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतात. मग आम्ही पुण्यात पासोड्या विठोबा परिसरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोन तिरका करून दिव्याखाली बघितला.

“दादा, फ्लॅट असता ना, तर तासाभरात फक्त ग्लास मारून दिली असती. हा कर्व्ह आहे. करतो, साडेतीन हजार. पण गॅरंटी नाही. कापताना पॅनल गेलं तर गेलं.”

“गेलं तर पैसे?”

“पैसे नाही घेणार. पण तुमचा डिस्प्ले गेलेला असेल. मग कॉपी कॉम्बो टाकावा लागेल, पाच हजार.”

त्याचं म्हणणं समजायला आत काय असतं ते बघायला हवं. वरची काच आणि खालचा डिस्प्ले पारदर्शक चिकट थराने, दुकानातल्या भाषेत ‘ओसीए’ने, एकमेकांना पूर्ण चिकटवलेले असतात. सपाट फोनमध्ये कारागीर तो जोड साधारण ८० अंशांच्या गरम पट्टीवर ठेवतो, ओसीए मऊ झाला की केसासारखी बारीक तार काच आणि डिस्प्लेच्या मधून सरकवतो. एलसीडी किंवा साध्या, कडक ओएलईडीला स्वतःचीही काच असते, त्यामुळे तारेला खाली-वर जायला वाव नसतो. मग जुना गोंद पुसायचा, नवी काच निर्वात मशीनमध्ये चिकटवायची, बुडबुडे दाबाच्या मशीनमध्ये काढायचे. झालं.

वळलेल्या फोनमधला ओएलईडी हा काचेवर नसतो, तो प्लॅस्टिकच्या लवचिक पटलावर असतो. नाहीतर तो वळणारच नाही. सरळ तार वळणावरून नेताना ती या पटलात शिरली की हिरव्या-जांभळ्या रेघा किंवा काळा डाग, आणि डिस्प्ले संपला. म्हणून मोठ्या दुकानांत उलटी पद्धत वापरतात: शून्याखाली शंभर अंशांहून थंड अशा मशीनमध्ये ठेवून ओसीए ठिसूळ करायचा आणि काच टवके काढत उचलायची. शिवाय नवी वळलेली काच बसवायला त्या-त्या मॉडेलच्या आकाराचा साचा लागतो. खूप विकल्या गेलेल्या फोनचे साचे आणि काचा बाजारात मिळतात. कमी खपलेल्या मॉडेलचे मिळत नाहीत, आणि मध्यम किमतीत दर सहा महिन्यांनी नवं मॉडेल येतं.

माझ्या सहकाऱ्याने साडेतीन हजारांचा जुगार खेळला नाही. फोन विकला असता तर आठ-नऊ हजारांच्या वर कोणी दिले नसते, त्यामुळे साडेनऊ हजारही अंगावर आले. त्याने तड्यांवर फिल्म लावून तो फोन आणखी सात महिने वापरला. हे कंजूषपण नाही, त्या फोनसाठी तोच तर्कशुद्ध निर्णय होता. फक्त तडा गेल्यावर पाणी आत जाण्याची वाट मोकळी होते, म्हणून पावसात सांभाळावं लागतं.

कॉपी कॉम्बोबद्दल थोडं. ओएलईडीच्या जागी स्वस्त एलसीडी बसवला तर तो ओळखता येतो. अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र उघडा. ओएलईडी विझल्यासारखा काळा दिसतो, एलसीडी राखाडी उजळतो. स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सर असेल तर तो एलसीडीमागून चालतच नाही, कारण त्याला बोट दिसत नाही. आणि स्क्रीनभोवतीच्या काळ्या कडा जाड होतात. हे तिन्ही दुकानातच, पैसे देण्याआधी तपासायचं.

सपाट म्हणजे स्वस्त, असंही नाही. एस२४ अल्ट्रा किंवा आयफोन प्रो सपाट असूनही आतला ओएलईडी लवचिक आणि महागच असतो. तिथे सपाटपणाने फुटण्याची शक्यता कमी होते, बिल नाही. बिल कमी होतं ते जोडणी बदलल्यावर. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आयफोनच्या पाठीचं आहे. १४ प्रोची मागची काच फुटली तर अमेरिकेत अ‍ॅपलकडे विम्याशिवाय ४९९ डॉलर लागायचे. १५ प्रोसाठी ते १६९ डॉलर झाले. दोन्हींच्या पाठीला काचच. फरक एवढाच, की १४ प्रोमध्ये पाठ ही मूळ सांगाड्याचा भाग होती आणि १५ प्रोमध्ये ती वेगळी निघते. साध्या आयफोन १४ मध्ये ही रचना वर्षभर आधी, २०२२ मध्येच आली होती. काचेच्या पिढीने हा फरक पडला नसता.

आता लेबल येतंय

हे सगळं गिऱ्हाइकाला दुकानात कसं कळणार? युरोपने याचं एक उत्तर दिलं आहे. २० जून २०२५ पासून तिथे नव्याने बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनवर ऊर्जेचं लेबल लागतं, वॉशिंग मशीनवर असतं तसं. त्यात बॅटरीशिवाय दोन अक्षरं आपल्या कामाची आहेत: पडण्याला टिकण्याची श्रेणी आणि दुरुस्त होण्याची श्रेणी, दोन्ही ए ते ई. फोन एका फिरत्या पिंपात वारंवार १ मीटरवरून पाडतात, कव्हर न घालता. साध्या, घडी न होणाऱ्या फोनने बाजारात येण्यासाठी किमान ४५ वेळा पडून टिकायला हवं, आणि ए श्रेणीसाठी २७० वेळा. ही परीक्षा सुट्या काचेची नसते. काच, वळण, चौकट आणि गोंद मिळून जो फोन बनतो त्याची असते, आणि तो सगळ्या बाजूंवर पडतो. काचेच्या ब्रँडपेक्षा हा आकडा मला कितीतरी जास्त प्रामाणिक वाटतो.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. पिंपाचा तळ गुळगुळीत पोलादी पत्र्याचा असतो, खडी नसते. म्हणजे कोपऱ्याचा मार आणि चौकटीची ताकद यात चांगली मोजली जाते, पण टोकदार कणाने काच भेदली जाण्याची परीक्षा होत नाही. तिथे कॉर्निंगचे भरड पृष्ठभागावरचे आकडेच उपयोगी. दोन्ही परीक्षा एकमेकींची जागा घेत नाहीत, त्या दोन वेगळ्या अपघातांच्या आहेत.

दुरुस्तीच्या श्रेणीत स्क्रीन काढायला किती पायऱ्या लागतात, कुठली अवजारं लागतात, सुटे भाग कोणाला मिळतात हे मोजलं जातं. सुट्या भागांच्या अंदाजे किमतीही कंपनीला जाहीर कराव्या लागतात. मात्र त्या किमतींचा श्रेणीवर परिणाम होत नाही. बी श्रेणीच्या फोनची स्क्रीन सी श्रेणीच्या फोनपेक्षा महाग असू शकते.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल सरकारला दिला. उघडणं किती सोपं, सुटे भाग, अवजारं, माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेट हे त्यातले मुख्य निकष. गुण कंपनीनेच जाहीर करायचे आणि ते दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमधून दिसावेत, अशी शिफारस आहे. निकष बरे आहेत. मला त्यात पडण्याच्या परीक्षेची उणीव जाणवते, आणि त्याहून मोठी उणीव एका साध्या गुणोत्तराची: अधिकृत स्क्रीनची किंमत भागिले फोनची किंमत. बावीस हजारांच्या फोनची स्क्रीन साडेनऊ हजारांची असेल तर तो आकडा ४३ टक्के येतो. हा एक आकडा खोक्यावर छापला असता तर माझ्या सहकाऱ्याने तो फोन घेताना दुसऱ्यांदा विचार केला असता.

तो छापला जाईपर्यंत हिशोब स्वतः करावा लागेल, आणि तो अवघड नाही. बऱ्याच कंपन्या आपल्या भारतीय वेबसाइटवर सपोर्टच्या पानावर मॉडेलनुसार सुट्या भागांच्या किमती देतात. नसतील तर सर्व्हिस सेंटरला फोन करून ‘फ्रेमसहित डिस्प्ले, मजुरी आणि जीएसटी धरून किती’ असं विचारायचं. नुसतं ‘स्क्रीन किती’ विचारलं तर आकडा अर्धवट मिळतो. तोच फोन युरोपात विकला जात असेल तर `eprel.ec.europa.eu` या सार्वजनिक नोंदवहीत मॉडेलचं नाव टाकून पडण्याची आणि दुरुस्तीची श्रेणी बघता येते, त्यासाठी खातं उघडावं लागत नाही. मॉडेल नंबर मात्र जुळवून घ्या. एकाच नावाखाली भारतात वेगळी चौकट किंवा वेगळी काच दिलेली असू शकते.

वळलेली स्क्रीनच हवी असेल तर घ्या, दिसते छान. पण मग स्क्रीनच्या नुकसानीचा विमा फोनसोबतच घ्यायचा आणि त्याची किंमत फोनच्या किमतीत धरायची. त्यातही दोन गोष्टी वाचायच्या: प्रत्येक दाव्याला स्वतःच्या खिशातून किती भरावं लागतं, आणि वर्षात किती दावे चालतात. एकच दावा आणि वर हजार-दीड हजार रुपये असतील, तर सपाट स्क्रीनचा फोन आणि शंभर रुपयांची टेम्पर्ड ग्लास अजूनही स्वस्त पडते.